फोटोवरून ड्रिपर ओळखून द्या: ४ लिटरचा की ८ चा? आणि बसेल का जुन्या नळीवर?

काटोलचा_संत्रा
नमस्कार मंडळी. संत्र्याच्या जुन्या बागेतल्या ड्रिपरचा फोटो टाकला आहे. झाडं ६ बाय ६ मीटरवर, एका सेक्शनमध्ये २०० झाडं. ओळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक लॅटरल आणि प्रत्येक झाडाला चार ड्रिपर. त्यातले साठ-सत्तर बंद पडलेत, काही उंदरांनी खाल्ले. बदलायचे आहेत, पण मूळ बसवणाऱ्याचा पत्ता नाही आणि बिलही नाही. ड्रिपर गोल आहे, बुड काळं, टोपी मळकट लालसर. दुकानदार म्हणतो ४ चा घ्या, शेजारी म्हणतात हा ८ चाच आहे. फोटो पाहून सांगा.

वरूडवाला
लाल टोपी म्हणजे ८ चा, काळी म्हणजे ४ चा. डोळे झाकून घ्या.

ठिबकतात्या
डोळे झाकून घेतला तर बागही डोळे झाकूनच वाळेल, वरूडवाले. रंगाचा नियम एका कंपनीच्या आत चालतो. दुसऱ्या कंपनीत तोच रंग दुसऱ्या प्रवाहाला असतो, आणि उन्हात दहा वर्षं तापलेल्या टोपीचा मूळ रंग कोणता होता हेही कोणी सांगू शकत नाही.

काटोलकर, या फोटोतून काही कळत नाही, कारण तुम्ही ड्रिपर लॅटरलवर बसलेला असताना वरून काढलाय. एक ड्रिपर उपटा आणि रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरात नाहीतर लिंबाच्या रसात ठेवा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा चुना चढलेला असतो, त्याखाली अक्षरं बुजतात. मग पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवून तीन फोटो काढा: वरून, बाजूने आणि खालून. मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरा. समोरून उजेड टाकला की कोरलेला आकडा सपाट होऊन जातो, तिरपा टाकला की सावलीमुळे उठून दिसतो. टोपीवर नाहीतर बुडाच्या कडेला प्रवाहाचा आकडा बहुधा असतोच.

लॅटरलचाही फोटो हवा. नळीवर ठरावीक अंतराने छापील ओळ असते: कंपनी, माप, वर्ग आणि आयएस १२७८६. ड्रिपर नळीच्या आतच असलेली इनलाइन असेल तर तिथे आयएस १३४८८ दिसेल, पण तुमचे ड्रिपर बाहेरून टोचलेले दिसतात.

गच्चीबाग_धरमपेठ
माझाही असाच प्रश्न आहे, इथेच विचारते. गच्चीवर पन्नास कुंड्या, पाणी वरच्या टाकीतून. टाकीचं तळ कुंड्यांपेक्षा साधारण ३ मीटर वर. ४ लिटरचे पीसी ड्रिपर लावले तर काही ठिबकतात, काही ढिम्म. हे पीसी फोटोवरून खरे की खोटे कसे ओळखायचे?

मीटरपट्टी
ताई, ड्रिपर खरे असतील, दाब खोटा आहे. ३ मीटर उंची म्हणजे जेमतेम ०.३ किलो दाब. पीसी ड्रिपरच्या आत रबरी चकती असते. दाब वाढला की ती वाट आवळते आणि प्रवाह स्थिर राहतो. पण तिचं काम सुरू व्हायला बहुतेकांना अर्ध्या किलोच्या आसपास दाब लागतो. त्याखाली कोणता चालेल आणि कोणता अडेल याचा नेम नाही. टाकीवर साधे, चकती नसलेले ४ चे लावा. ०.३ किलोला ताशी सव्वादोन लिटरच्या आसपास देतील, कुंड्यांना पुष्कळ झालं. मात्र टाकीतून निघताना जाळीचा फिल्टर हवाच.

गच्चीबाग_धरमपेठ
म्हणजे महाग आणले ते चूक आणि स्वस्त हवे होते! नवऱ्याला हा धागा दाखवत नाही.

काटोलचा_संत्रा
तात्या, सांगितल्याप्रमाणे केलं. तीन फोटो टाकतोय. आकडा काही दिसत नाही, कडेला नुसतं एक चिन्ह आहे, तेही अर्धं झिजलेलं. नळीवर कंपनीचं नाव पुसलंय, पण १६ मिमी आणि १२७८६ वाचता येतं. टोपी पिळून उघडली. आत चकती नाही, वळणावळणाची नागमोडी वाट आहे. खाली एकच काट्याचं तोंड.

ठिबकतात्या
उत्तम, अर्धं काम झालं. चकती नाही म्हणजे एकतर साधा ड्रिपर, नाहीतर पीसी ज्याची चकती कोणी धुताना हरवली. दुसरी शक्यता सोडू नका. सालदाराने टोप्या उघडून धुतल्या आणि चकत्या मातीत गेल्या, हे बागेत नेहमी होतं. खूण अशी की चकतीविना पीसीमधून पाणी ठिबकत नाही, धार पडते. शिवाय चकतीसाठी बुडात गोल, गुळगुळीत बसक असते. तुमच्या तिसऱ्या फोटोत नागमोडी वाट थेट मध्यापर्यंत गेलीय, बसक नाही. म्हणजे साधा, उघडता येणारा ड्रिपर.

आता प्रवाह. तो फोटोतून कधीच कळणार नाही, कारण ४ आणि ८ चं बाहेरचं अंग बहुधा एकाच साच्याचं असतं, फरक आतल्या वाटेच्या रुंदीत असतो. मोजावा लागेल. ड्रिपरखाली माती उकरून वाटी बसवा, ६ मिनिटं पाणी धरा आणि मिलीमध्ये मोजा. आलेल्या आकड्याला १०० ने भागलं की ताशी लिटर. ६ मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, एवढंच गणित. मेडिकलमधून ५०० मिलीचा खुणांचा मग आणा, चहाचे कप मोजू नका.

एक खोडी लक्षात ठेवा. ड्रिपरचं पाणी खाली न पडता नळीच्या पोटाला चिकटून सरकतं आणि पुढे कुठेतरी टपकतं. वाटीच्या दोन्ही बाजूंना नळीवर सुतळीची एकेक गाठ मारा आणि टोकं वाटीत सोडा. नाहीतर ४ चा ड्रिपर ३ चा निघेल.

वरूडवाला
एवढी उठाठेव काहून? ८ चे लावून टाका, जास्त पाणी झालं तर मोटर लवकर बंद करा. पाणी तेवढंच.

मीटरपट्टी
सगळे ८०० ड्रिपर बदलले तर तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे, भाऊ. पण ते सत्तरच बदलून राहिले. ज्या झाडाला दोन नवे ८ चे आणि दोन जुने ४ चे लागतील त्याला ताशी २४ लिटर, शेजारच्याला १६. मोटर कधीही बंद करा, हा फरक तसाच राहणार. काटोलकडच्या भारी काळ्या जमिनीत जास्तीचं पाणी बुंध्याशी साचलं की आधी डिंक्या येतो. आणि आंबिया बहारासाठी ताण सोडताना सगळ्या झाडांना सारखं पाणी गेलं नाही तर फुलोराही मागेपुढे होतो.

सगळे बदलले तरी सेक्शनचा प्रवाह ३२०० वरून ६४०० लिटरवर जाईल. मोटर, फिल्टर आणि सबमेनला तो पेलतो का, ते आधी पाहावं लागेल.

सावनेरी_गहू
मंडळी, माझ्या तुषारच्या पितळी हेडचाही फोटो टाकतो. आटे बाहेरून मोजले तर २६ मिमी भरतात, म्हणजे एक इंची ना? एक इंची सॉकेट आणलं तर ढिलं फिरून राहिलं.

दुकानावरून
यात दुकानावर रोज कोणी ना कोणी फसतं. आट्याचं नाव आणि मोजलेलं माप वेगळं असतं. बाहेरून २६ मिमीच्या जरा वर म्हणजे पाऊण इंची बीएसपी. अर्धा इंची बाहेरून २१ मिमीच्या आसपास भरतो आणि एक इंची तब्बल ३३. तुम्हाला पाऊण इंची सॉकेट हवं. टेफलॉन टेप घाला, पण प्लास्टिकच्या रायझरवर पितळी हेड पान्याने पिळू नका, रायझरच फाटतो. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा.

नोझलवर आकडा नसेल तर ड्रिलच्या बिटची मागची गुळगुळीत बाजू घालून पाहा. ४ मिमीचा बिट बेताने जातो आणि साडेचारचा अडतो, म्हणजे नोझल चारच्या आसपास. चारचा बिट खुळखुळत असेल तर नोझल झिजलाय. ४ चा ४.४ झाला की भोकाचं क्षेत्र वीस टक्क्यांहून जास्त वाढतं आणि तेवढंच पाणीही.

सावनेरी_गहू
चारचा बेताने जातो. मागे बारका दुसरा नोझल आहे, त्यात अडीचचा जात नाही. मग पाणी किती पडत असेल?

दुकानावरून
अडीच किलो दाब असेल तर मोठ्यातून साडेनऊशे आणि बारका २.४ चा धरला तर त्यातून साडेतीनशेच्या आत, मिळून ताशी १३०० लिटर धरा. खात्री करायची तर दोन्ही तोंडांवर नळीचे तुकडे चढवा, हेड फिरू देऊ नका आणि २० लिटरच्या बादलीत सोडा. ७२००० ला लागलेल्या सेकंदांनी भागा. पंचावन्न सेकंदांत भरली तर १३०० च.

कळमेश्वरी
धागा ड्रिपरचा होता, बादलीत बुडाला. काटोलकर आहेत का?

काटोलचा_संत्रा
आहे आहे. मोजलं. स्वच्छ वाहणारे ड्रिपर निवडले. व्हॉल्व्हजवळच्या पहिल्या लॅटरलवर ६ मिनिटांत ४९० मिली, सेक्शनच्या शेवटच्या लॅटरलच्या टोकाला ३३५. आता हा ४.९ चा की ३.३ चा?

वरूडवाला
सरासरी ४.१. म्हणजे ४ चा. झालं.

ठिबकतात्या
उत्तर बरोबर, रीत चूक. सरासरी काढून नाव ठरत नाही. साध्या ड्रिपरवरचा आकडा १ किलो दाबाला असतो आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबाने बदलतो. म्हणजे दाब कळल्याशिवाय ४९० ला अर्थ नाही. अर्धा किलोवर चाललेला ८ चा ड्रिपर ५६० मिली देईल आणि तुम्ही त्याला साडेपाचचा समजाल.

लॅटरलच्या टोकाची दुमडलेली एंड कॅप काढा. १६ मिमीचा आट्याचा अडॅप्टर लावून त्यावर प्रेशर गेज बसवा. चार किलोपर्यंतचाच गेज घ्या. दहा किलोच्या गेजवर अर्ध्या किलोचा काटा नीट वाचताच येत नाही. दोन्ही ठिकाणचा दाब सांगा.

काटोलचा_संत्रा
पहिल्या लॅटरलला १.५, शेवटच्या लॅटरलच्या टोकाला ०.७.

ठिबकतात्या
मग जुळलं. दीडचं वर्गमूळ १.२२, गुणिले ४ म्हणजे ४.९. शून्य पूर्णांक सातचं ०.८४, गुणिले ४ म्हणजे ३.३५. तुमचे दोन्ही आकडे तंतोतंत बसतात. ८ चा असता तर पहिल्या ठिकाणी ९८० मिली आले असते. हा ४ लिटरचा साधा ड्रिपर आहे. शंका फिटली.

मीटरपट्टी
ड्रिपरची फिटली, सेक्शनची नाही. एकाच सेक्शनमध्ये ४९० आणि ३३५ हे फार झालं. एका सेक्शनमधल्या ड्रिपरांच्या प्रवाहात दहा टक्क्यांच्या आसपासच फरक असावा. लॅटरल किती लांब आहेत?

काटोलचा_संत्रा
एका ओळीत २० झाडं, म्हणजे १२० मीटर.

मीटरपट्टी
मग दोष लॅटरलचा नाही. एका लॅटरलवर ४० ड्रिपर, ताशी १६० लिटर. १६ मिमी नळीत एवढ्या पाण्याला १२० मीटरवर दाब उतरतो तो अर्धा मीटर, म्हणजे ०.०५ किलो. तुमचा ०.८ किलो उतरलाय. शेवटच्या लॅटरलच्या सुरुवातीला गेज लावून पाहा. तिथे ०.७५ च्या आसपास निघाला तर दाब सबमेनमध्ये जाऊन राहिला.

कळमेश्वरी
किंवा जमीन चढती असेल. १० मीटर चढ म्हणजे १ किलो, हे विसरू नका.

काटोलचा_संत्रा
सुरुवातीला ०.७५ च. चढ आहे, पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली तर साधारण ३ मीटर. सबमेन ६३ मिमी पीव्हीसी.

मीटरपट्टी
चढाचे ०.३ गेले. राहिले ०.४५. ६३ च्या सबमेनला ३२०० लिटर काहीच नाही, एवढा दाब घर्षणात जायला नको. आत गाळ बसलाय, कुठे तरी जॉइंट गळतोय किंवा नांगराने नळी दाबली गेलीय. सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाणी नितळ येईपर्यंत सोडा आणि पुन्हा मोजा.

दुकानावरून
यापेक्षा पीसी ४ चे घ्या ना. दीड किलोला पण ४०० मिली, ०.७ ला पण ४००. चढउताराची भानगडच संपली.

ठिबकतात्या
पूर्ण सेक्शनला लावणार असतील तर पटतं, दुकानदार. सत्तर सुटे लावणार असतील तर नाही. व्हॉल्व्हजवळ जुने ४९० देतात तिथे पीसी ४०० देईल, टोकाला जुने ३३५ देतात तिथेही पीसी ४०० देईल. एकाच लॅटरलवर शेजारची झाडं वेगवेगळं पिणार. त्यापेक्षा असं करता येईल: वरच्या चढत्या बाजूच्या शेवटच्या काही ओळी पूर्ण पीसी करा, तिथले जुने चांगले ड्रिपर काढा आणि खाली मोकळ्या जागी लावा. खर्च कमी, आणि एका ओळीत भेसळ नाही. आधी त्या टोकाला अर्धा किलोपेक्षा दाब नीट वर आणा मात्र.

कळमेश्वरी
मी तात्यांशी सहमत नाही. फिल्टर वेळेवर धुतला नाही तर टोकाचा दाब ०.७ वरून ०.४ व्हायला वेळ लागत नाही. साधा ड्रिपर कमी का होईना पण देत राहतो. पीसी त्या दाबाला बिनभरवशाचा. आपल्याकडच्या चुन्याच्या पाण्यात साधा, उघडून धुता येणारा बरा.

ठिबकतात्या
हे ज्याच्या त्याच्या फिल्टरवर आहे. वाद इथे मिटणार नाही.

काटोलचा_संत्रा
फ्लश केलं. आधी चहासारखं पाणी, मग नितळ. शेवटच्या लॅटरलला ०.७५ चा ०.९५ झाला. व्हॉल्व्हजवळ दीडच. अजून पाव किलो कुठे जातंय ते शोधतोय. आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग: साधे ४ चे नवे ड्रिपर दुकानात मिळाले, पण जुन्या भोकात घातले तर हाताने ओढताच निघतात आणि मुळाशी गळतात. काटा बारीक आहे का?

दुकानावरून
काटा असेल बरोबर, भोक मोठं झालंय. जुनी नळी उन्हाने कडक आणि ठिसूळ होते आणि जुना ड्रिपर उपटताना भोकाची कड फाटते. त्यात नवा काटा धरत नाही. जुन्या भोकात गूफ प्लग ठोका आणि चार बोटं सोडून नवं भोक पाडा. भोक पंचनेच, आणि पंच नव्या ड्रिपरच्या काट्याला साजेसा घ्या, दुकानात मागताना ड्रिपर सोबत न्या. खिळा किंवा तापवलेली तार नको. खिळ्याने नळी चिरते, तारेने कड वितळून वेडीवाकडी होते. पंच नळीतून छोटी टिकली कापून बाहेर काढतो, ती आत पडू देऊ नका. पुढच्याच ड्रिपरच्या तोंडात जाऊन बसते.

मीटरपट्टी
पंच नळीच्या वरून उभा धरा. तिरपं भोक लांबट होतं आणि गळतं. सकाळच्या गारव्यात पाडा, दुपारी नळी तापून मऊ असते. आणि सत्तर एकदम घेऊ नका. आधी पाच आणा, बसवा आणि त्याच १.५ किलोच्या जागी ६ मिनिटं मोजा. ४९० च्या पाचपंचवीस मिली इकडेतिकडे आले तर बाकीचे घ्या. डब्यावर ४ लिहिलंय म्हणून आत ४ च असतो असं नाही.

वरूडवाला
एक मात्र मान्य करा, टोपी लाल होती आणि ड्रिपर ४ चा निघाला. माझ्या बागेतल्या लाल टोप्याही उद्या मोजतो, तोपर्यंत कोणाला काही सांगू नका.

काटोलचा_संत्रा
नाही सांगत, भाऊ. पाच आणलेत, टोपी निळी आहे. उद्या सकाळी मोजून आकडा टाकतो.